दुधाचं बिल कोणाच्या हातात जातं? प्रस्तावनेत गॅप उद्दिष्टाच्या आधी कसा आणायचा

*नमस्कार मॅडम. मी कोल्हापुरात समाजशास्त्रात पीएच.डी. करते. विषय: करवीर तालुक्यातील दूध संस्थांच्या सभासद महिलांचं आर्थिक सक्षमीकरण. प्रस्तावना आठ परिच्छेदांची आहे. उद्दिष्ट दुसऱ्या परिच्छेदात आलंय आणि गॅप सातव्यात. सर म्हणतात, "गॅप आधी दिसला पाहिजे, उद्दिष्ट त्यातून आलं पाहिजे." मी सातवा परिच्छेद उचलून दुसऱ्याच्या आधी ठेवून बघितला, पण तो तिथे उपराच वाटतो. नक्की काय बदलू? प्रस्तावना आणि प्रश्नावली सोबत पाठवली आहे.*

दोन्ही नीट वाचलं. सातवा परिच्छेद तुम्ही कुठेही ठेवलात तरी उपराच वाटेल, कारण तो आधीच्या कुठल्याच वाक्यातून निघत नाही आणि उद्दिष्टापर्यंत पोचतही नाही. त्यातली वाक्यं अशी आहेत: "करवीर तालुक्यातील दुग्धव्यवसायातील महिलांवर आजपर्यंत फारसे संशोधन झालेले नाही. त्यामुळे प्रस्तुत अभ्यास महत्त्वाचा ठरतो." आता 'करवीर'च्या जागी 'कागल' घाला, 'दुग्धव्यवसाया'च्या जागी 'शिलाईकाम' घाला. वाक्य तसंच उभं राहतं. जे वाक्य कुठल्याही विषयाला बसतं, त्यातून तुमचं उद्दिष्ट निघणार कसं?

'आमच्या तालुक्यात अभ्यास झाला नाही' हा गॅप मी इतक्या प्रबंधांत वाचला आहे, की त्याबद्दल आधी बोलते. इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम केलेल्या एका विद्यार्थ्याने प्रस्तावनेत असंच लिहिलं होतं. व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "इचलकरंजीच का? भिवंडी का नाही, मालेगाव का नाही?" मुलगा क्षणभर गडबडला. मग म्हणाला, "सर, आमच्याकडे खर्चीवाला आहे. माग त्याचे स्वतःचे, पण सूत व्यापाऱ्याचं. तो मजुरीवर कापड विणून देतो. कागदोपत्री मालक आणि कमाई मजुरीची. मालक आणि मजूर असे दोन रकाने केले, की तो दोन्हीत बसत नाही." परीक्षक म्हणाले, "मग हे प्रस्तावनेत का नाही?" ते प्रबंधात होतं, पण खूप आत, माहितीच्या विश्लेषणात. गॅप तोच होता: आधीच्या वर्गवारीत एक माणूस मावत नव्हता. गावाचं नाव हा नुसता पत्ता असतो. त्या पत्त्यावर असं काय घडतं जे आधीच्या अभ्यासांच्या चौकटीत दिसत नाही, हे सांगितलं तरच गावाला अर्थ येतो.

म्हणून पुनर्लेखन शेवटाकडून सुरू करा. आधी उद्दिष्ट पक्कं करा, मग त्याच्या बरोबर समोर बसेल असा गॅप लिहा, मग त्या गॅपपर्यंत नेणारं पूर्वसंशोधन निवडा आणि पार्श्वभूमीला सगळ्यात शेवटी हात घाला. वाचणारा उलट दिशेने येईल, पण लिहिताना असंच जावं लागतं.

तुमचं सध्याचं उद्दिष्ट आहे: "सभासद महिलांच्या आर्थिक सक्षमीकरणाचा अभ्यास करणे." हे इतकं रुंद आहे की त्याच्यासमोर कुठलाच नेमका गॅप उभा राहू शकत नाही. खरं उद्दिष्ट तुमच्या प्रश्नावलीत लपलंय. भाग 'क' काढा. तिथे तुम्ही विचारलंय: सभासदत्व कोणाच्या नावावर? बिल कोणाच्या खात्यावर जमा होतं? पैसे काढायला बँकेत कोण जातं? पशुखाद्य आणि उचल यांची कपात होऊन हातात किती येतं? त्याचं काय करायचं हे कोण ठरवतं? आणि शेवटी, मला फार आवडलेला प्रश्न: दिवाळीला मिळणारा दर फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावरची एकरकमी वाढीव रक्कम, कोण घेतं?

हे प्रश्न सक्षमीकरणाच्या सगळ्या अंगांबद्दल नाहीत. एकाच गोष्टीबद्दल आहेत: दुधाचा पैसा संस्थेतून निघाल्यावर घरात कोणाच्या ताब्यात जातो. तेव्हा उद्दिष्ट असं होईल:

> करवीर तालुक्यातील दूध संस्थांच्या सभासद महिलांच्या घरांत दर दहा दिवसांचे बिल आणि दिवाळीचा दर फरक या दोन रकमा कोण स्वीकारते व त्यांच्या खर्चाचा निर्णय कोण घेते, याची तुलना करणे हा प्रस्तुत अभ्यासाचा हेतू आहे.

'सक्षमीकरण' हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात राहू दे, तिथे तो मंजूर झालेला आहे. प्रस्तावनेतल्या उद्दिष्टात मात्र तुम्ही जे मोजणार आहात त्याचंच नाव हवं.

आता पूर्वसंशोधन. तुम्ही तीन परिच्छेदांत एकोणीस अभ्यास दिलेत, सगळे सालवार. प्रत्येकाची चाल एकच आहे: "अमुक यांनी अमुक जिल्ह्यातील इतक्या महिलांचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की..." असं वाचताना वाचणाऱ्याच्या मनात एकोणीस निष्कर्षांचा ढीग जमतो आणि त्यात कुठे जागा रिकामी आहे ते कळत नाही. साल हा क्रम लावण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे आणि सगळ्यात कमी उपयोगाचा. त्याऐवजी प्रत्येक अभ्यास कुठे येऊन थांबतो ते बघा आणि त्याप्रमाणे गठ्ठे करा. मी तुमची यादी घेऊन बसले, तेव्हा तीन गठ्ठे झाले.

पहिल्यात कामाचे अभ्यास. वैरण कोण आणतं, धार कोण काढतं, गोठा कोण साफ करतं, संस्थेत दूध घालायला कोण जातं, त्यात किती तास जातात. हे अभ्यास दूध संस्थेच्या काट्यावर गेलं की थांबतात. दुसऱ्यात सभासदत्वाचे: किती महिला सभासद आहेत, किती संचालक मंडळावर आहेत, महिलांच्या स्वतंत्र संस्था कशा चालतात. हे सभासद नोंदवहीपाशी थांबतात. तिसऱ्यात उत्पन्नाचे, ज्यांत दुधाच्या पैशाने कुटुंबाचं उत्पन्न किती वाढलं ते दिलंय. हे बिलाच्या आकड्यापाशी थांबतात. बघा, तिन्ही गठ्ठे वेगवेगळ्या वाटांनी येऊन संस्थेच्या खिडकीपाशीच उभे राहतात. खिडकीतून बाहेर पडलेल्या पैशाच्या मागे कोणी घरात गेलेलं नाही. हाच तुमचा गॅप, आणि तो दाखवायला 'फारसे संशोधन झालेले नाही' म्हणावं लागत नाही.

एक वाक्य जवळून बघू. तुमचं मूळ वाक्य (नाव मी गाळते): "यांनी सांगली जिल्ह्यातील दूध उत्पादक महिलांचा अभ्यास केला असून दुग्धव्यवसायामुळे महिलांच्या उत्पन्नात वाढ झाल्याचे निदर्शनास आणून दिले आहे." हे वाक्य पूर्णविरामापाशी मिटतं, त्याला पुढे जायला दार नाही. आता हे वाचा:

> उत्पन्नाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी बिलावरची रक्कम हीच महिलेची कमाई धरली आहे. त्यांचे मोजमापाचे एकक कुटुंब असल्यामुळे ती रक्कम घरात कोणाच्या हाती गेली, हा प्रश्न त्यांच्या पद्धतीत उभाच राहत नाही.

इथे दोन गोष्टी झाल्या. पाच-सहा अभ्यास एकाच वाक्यात आले, त्यांची नावं-सालं तुम्ही कंसात घालालच. आणि ते का थांबले याचं कारण आलं: एकक कुटुंब होतं. कारण लिहिणं फार महत्त्वाचं आहे. नुसतं 'हे पाहिलेलं नाही' म्हटलं, की परीक्षक म्हणतो, 'नसेल पाहण्यासारखं.' 'त्यांच्या पद्धतीत हे दिसूच शकत नव्हतं' म्हटलं, की तुमची पद्धत वेगळी का आहे तेही तिथेच कळतं. तुम्ही एकाच घरातल्या बाईला आणि पुरुषाला वेगवेगळं विचारणार आहात. ते प्रस्तावनेत कुठेच आलेलं नाही, आणि तुमच्या अभ्यासाची सगळ्यात भक्कम बाजू तीच आहे.

पण थांबा. असं वाक्य लिहिण्याआधी त्या पाच-सहा अभ्यासांची संशोधन पद्धती तुम्ही स्वतः वाचलेली हवी. सारांश वाचून 'त्यांनी हे विचारलंच नाही' असं म्हणता येत नाही. उत्पन्नाच्या अभ्यासातही प्रश्नावलीच्या शेवटी 'पैसे कोण खर्च करतं' असा एखादा प्रश्न असतो आणि त्याचं कोष्टक परिशिष्टात पडलेलं असतं. तसं सापडलं तर घाबरू नका, वाक्य बदला: "एका अभ्यासात हा प्रश्न विचारला गेला, परंतु उत्तर फक्त सभासद महिलेकडून घेतले गेले." गॅप अरुंद होतो, पण खरा राहतो.

याच कारणाने एक अडचणीचा अभ्यास तुम्ही आत घ्यायलाच हवा, तो यादीत नाही. गोट्झ आणि सेन गुप्ता यांनी 1996 मध्ये बांगलादेशातल्या ग्रामीण कर्जयोजनांबद्दल दाखवून दिलं, की कर्ज बाईच्या नावावर असलं तरी मोठ्या वाट्यावर ताबा घरातल्या पुरुषाचा असतो. म्हणजे 'नाव बाईचं, पैसा कोणाचा' हा प्रश्न नवा नाही. तुम्ही तो नवा म्हणून मांडलात तर कोणीतरी हा अभ्यास समोर ठेवणारच. पुष्कळ जण अशा वेळी असा अभ्यास शेवटच्या प्रकरणात लपवतात. त्याला गॅपच्या अगदी आधी बसवा. कारण तो तुमचा गॅप धारदार करतो. कर्ज ही एकदाच येणारी, मोठी, आधी ठरवलेल्या कामासाठी घेतलेली रक्कम. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, लहान असतं, त्यातून कपात आधीच झालेली असते आणि ते किराण्यात, मुलांच्या रिक्षात, औषधात विरून जातं. मग मोठ्या रकमेबद्दल जे आढळलं ते लहान आणि वारंवार येणाऱ्या रकमेलाही लागू होतं का? आणि तुमच्याकडे तर दोन्ही रकमा एकाच दुधातून येतात: दहा दिवसांचं बिल आणि दिवाळीचा दर फरक. घर तेच, बाई तीच, म्हैस तीच, फक्त रकमेचं स्वरूप वेगळं. अशी तुलना सहसा जमवावी लागते. कोल्हापूरच्या दूध संस्थांच्या व्यवहारात ती आयती आहे. करवीर का, याचं उत्तर हे आहे.

आता गॅपचा परिच्छेद लिहून बघू. असा, किंवा याच्या जवळपास:

> थोडक्यात, महिला दुग्धव्यवसायात किती श्रम करतात, किती जणी सभासद आहेत आणि घराचे उत्पन्न किती वाढले, हे ज्ञात आहे. कर्जासारखी मोठी रक्कम महिलेच्या नावे आली तरी तिच्यावरचा ताबा अनेकदा पुरुषाकडे जातो, हेही दाखवले गेले आहे. मात्र लहान व नियमित येणाऱ्या रकमेबाबत असेच घडते का, आणि एकाच स्रोतातून आलेल्या लहान-नियमित व मोठ्या-वार्षिक रकमांवरचा ताबा एकाच घरात वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतो का, हे उपलब्ध अभ्यासांतून सांगता येत नाही. हे समजल्याशिवाय बिल महिलेच्या खात्यावर जमा करण्याचा तिच्या निर्णयशक्तीवर काय परिणाम होतो, याविषयी विधान करणे कठीण आहे.

यात आधी जे माहीत आहे ते कबूल केलं, मग 'मात्र' आलं, मग जे माहीत नाही ते नेमकं सांगितलं आणि शेवटी त्यामुळे काय अडलंय ते सांगितलं. 'मात्र', 'परंतु', 'तथापि' यांपैकी एक शब्द प्रस्तावनेत एकदाच असा ठळक यायला हवा. तुमच्या सध्याच्या मसुद्यात 'परंतु' नऊ वेळा आलाय, त्यामुळे खरं वळण कुठलं ते कळतच नाही. बाकीचे आठ काढा. शेवटचं वाक्यही गाळू नका. माहीत नसलेल्या गोष्टी जगात अगणित आहेत. त्यांतली हीच का शोधायची, याचं उत्तर त्या वाक्यात आहे. 'हा अभ्यास महत्त्वाचा ठरतो' हे मग वेगळं लिहावं लागत नाही.

आणि यानंतर लगेच वर लिहिलेलं उद्दिष्ट. मध्ये काही नको. गॅपमधलेच शब्द उद्दिष्टात पुन्हा येऊ देत: रक्कम, ताबा, नियमित, वार्षिक. मराठीत पुनरुक्ती टाळायची आपल्याला सवय असते, म्हणून आपण 'ताबा'च्या जागी पुढच्या ओळीत 'नियंत्रण', मग 'स्वायत्तता', मग 'निर्णयक्षमता' लिहितो. इथे तसं करू नका. शब्द बदलला, की वाचणाऱ्याला वाटतं गोष्ट बदलली. माझ्या उद्दिष्टाच्या वाक्यातही 'ताबा' नाही, तो तुम्ही आणा.

जॉन स्वेल्स यांनी 1990 मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावनांची जी तीन पावलं दाखवली, ती हीच: क्षेत्र दाखवा, त्यातली मोकळी जागा दाखवा, ती जागा आपण घ्या. तुम्ही पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली होती आणि दुसरं पाऊल नंतर आठवल्यासारखं सातव्या परिच्छेदात टाकलं होतं.

पार्श्वभूमीचं काम यापुढे सोपं आहे. "भारत हा कृषिप्रधान देश आहे" पासून सुरू होणारा परिच्छेद पूर्ण काढा. 1970 मध्ये सुरू झालेला ऑपरेशन फ्लड आणि 1963 मध्ये स्थापन झालेला कोल्हापूर जिल्हा दूध संघ एका वाक्यात येऊ देत. त्याऐवजी तिथे जागा द्या ती बिलाला: संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध जातं, फॅट आणि एसएनएफवर दर ठरतो, दहा दिवसांनी हिशेब होतो, कपात वजा होऊन रक्कम खात्यावर जाते, दिवाळीपूर्वी दर फरक मिळतो. पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला हे ठाऊक असेलच असं नाही, आणि हे कळल्याशिवाय त्याला तुमचा गॅप कळणार नाही. पार्श्वभूमीत काय ठेवायचं याचा निकष एवढाच: गॅप समजायला लागतं का? लागत असेल तर ठेवा. आठाचे पाच परिच्छेद होतील, सहा झाले तरी चालेल.

उरलेले दहा-बारा अभ्यास फेकायचे नाहीत, ते दुसऱ्या प्रकरणात, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात जातील. प्रस्तावनेत फक्त गॅपच्या भिंती उभ्या करणारे ठेवा.

प्रबंधाच्या साच्याची अडचण तुम्हाला येईल. आपल्याकडे पहिल्या प्रकरणात प्रास्ताविक, समस्येचं विधान, उद्दिष्टं, गृहीतकं, मग 'संशोधनाची गरज' आणि 'महत्त्व' अशी शीर्षकं ठरलेली असतात, आणि गॅपची सवयीची जागा 'गरज' या शीर्षकाखाली, म्हणजे उद्दिष्टांच्या नंतर असते. साचा मोडायची गरज नाही. गॅपचा परिच्छेद 'समस्येचं विधान' या शीर्षकाखाली ठेवा, तो उद्दिष्टांच्या आधीच येतो आणि तिथे शोभतोही. 'गरज' या शीर्षकाखाली मग गॅप पुन्हा सांगू नका, निष्कर्ष कोणाच्या उपयोगाचे आहेत तेवढंच लिहा. यातून पुढे शोधनिबंध काढाल तेव्हा शीर्षकं राहणार नाहीत, परिच्छेद मात्र याच क्रमाने जातील. अर्थशास्त्राच्या काही नियतकालिकांत संशोधनाचा प्रश्न पहिल्याच परिच्छेदात विचारायची रीत आहे. तिथे पाठवणार असाल तर त्यांचे चार लेख आधी वाचून घ्या.

झालं, की एक चाचणी करा. प्रस्तावना छापा, उद्दिष्टाच्या वाक्यापासून खालचं सगळं कागदाने झाका आणि विषय माहीत नसलेल्या एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्या. विचारा, "आता ही काय शोधणार असेल?" ती 'बायकांच्या दूधधंद्याबद्दल काहीतरी' म्हणाली, तर गॅप अजून सैल आहे. 'दहा दिवसांचे पैसे बाई ठेवते आणि दिवाळीचे नवरा नेतो का ते बघणार' असं म्हणाली, तर जमलं. ती चुकीचं पण नेमकं काही म्हणाली तर तेही लिहून घ्या. गॅप एकीकडे आणि उद्दिष्ट दुसरीकडे बघतंय, हे त्यातून कळतं.

शोधाची नोंदही ठेवा. 'उपलब्ध अभ्यासांतून सांगता येत नाही' हे लिहायचं तर कुठे शोधलं ते सांगता आलं पाहिजे. शोधगंगावर मराठीत 'दुग्धव्यवसाय', 'दूध उत्पादक', 'सहकारी दूध संस्था', 'दूध संघ' हे चारही शब्द वेगवेगळे घालून बघा, कारण शीर्षकं फार वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेली असतात. इंग्रजी शीर्षकं वेगळी शोधा. अर्थशास्त्र, वाणिज्य आणि गृहविज्ञान या विभागांतले प्रबंधही पाहा. घरातल्या पैशाच्या व्यवस्थापनावर गृहविज्ञानात काम सापडू शकतं, आणि समाजशास्त्राची मुलं तिकडे सहसा फिरकत नाहीत. कोणत्या महिन्यापर्यंत शोधलं ते वहीत लिहा, प्रबंध सादर करण्याआधी तोच शोध पुन्हा करा.

आता तुमच्या तिसऱ्या गृहीतकाकडे बघा: "दुग्धव्यवसायामुळे महिलांचा सामाजिक दर्जा उंचावला आहे." नव्या गॅपमध्ये आणि नव्या उद्दिष्टात सामाजिक दर्जा कुठेच नाही. हे गृहीतक राहिलं तर त्याच्यासाठी प्रस्तावनेत पुन्हा एक परिच्छेद घुसवावा लागेल आणि सगळं पूर्वपदावर येईल. सरांशी बोलून त्याच्या जागी बिल आणि दर फरक यांच्या ताब्यातल्या फरकाचं गृहीतक घ्या. मंजूर आराखड्यात गृहीतक बदलायला परवानगी लागणार असेल तर अर्ज आत्ताच करा, माहिती गोळा करून झाल्यावर नको. नवा गॅपचा परिच्छेद लिहून झाला, की तेवढाच पाठवा, सोबत तिसऱ्या गठ्ठ्यातल्या अभ्यासांची संशोधन पद्धतीची पानं जोडा. 'एकक कुटुंब होते' हे वाक्य त्या पानांवर टिकतं का, ते आपण दोघी मिळून बघू.